ऑफर लेटर तुम्ही आणता, डब्लिनमधलं घर कोण तपासतं? गोव्यातल्या परदेश-शिक्षण सल्लागारांना खुले पत्र

गोव्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या सर्व कार्यालयांच्या चालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी म्हापशाच्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर काम करून निवृत्त झालो. तुमच्याकडून निघालेली मुलं आणि त्यांचे आईवडील शेवटी माझ्यासमोर येऊन बसत. हातात तुम्ही दिलेली फाइल असे. ऑफर लेटर, फीची पावती, विम्याचे कागद, व्हिसाच्या अर्जाची यादी, सगळं ओळीनं लावलेलं. त्या फाइलमध्ये तुमची मेहनत दिसायची, हे आधीच सांगून टाकतो. पण घराच्या डिपॉझिटसाठी पैसे पाठवायचे म्हटलं की फाइल मिटायची आणि मुलगा खिशातून मोबाइल काढायचा. घराचा कागद म्हणून त्याच्याकडे एक व्हॉट्सअ‍ॅप चॅट असायचं आणि पुष्कळदा घराची ती जाहिरात तुमच्याच ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेली असायची.

हे पत्र त्या एका रकमेबद्दल आहे. मी आयर्लंडपुरतंच लिहितो, कारण सप्टेंबरच्या प्रवेशासाठी डब्लिनला जाणाऱ्यांचे कागद मी अधिक पाहिले आणि तिथं भाड्याच्या घरांची टंचाई इतकी आहे की भामट्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. डिचोलीकडचा मुलगा, डब्लिनमध्ये एम. एस्सी.ला प्रवेश. चवथीच्या दिवसांत विमानाचं तिकीट, त्यामुळे घरात आधीच धांदल. ग्रुपवर जाहिरात आली: रॅथमाइन्स भागात दोन बेडरूमचा सजवलेला फ्लॅट, वीज-इंटरनेट धरून महिना ९५० युरो. मुलानं ईमेल केला. उत्तर लांबलचक आणि फार जिव्हाळ्याचं. घरमालक इंजिनीयर, कामासाठी स्कॉटलंडला गेलेला, फ्लॅट मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला, आता रिकामा. भाड्यापेक्षा घर नीट ठेवणारा भाडेकरू महत्त्वाचा, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. विश्वास म्हणून त्यानं स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली आणि मुलाची मागितली. मग भाडेकरार आला, त्यावर आयर्लंडच्या भाडेविषयक सरकारी मंडळाचा, म्हणजे रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाचा शिक्का. शेवटी मुक्काम बुक करणाऱ्या एका प्रसिद्ध साइटची म्हणून एक लिंक आली. सोबत खुलासा होता, की पैसे साइटकडेच राहतील, तुम्ही घर पाहून हो म्हणालात तरच मला मिळतील. एक महिन्याचं भाडं आणि एक महिन्याचं डिपॉझिट, मिळून १,९०० युरो. म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये.

पैसे शुक्रवारी दुपारी गेले. सोमवारी त्याच मालकाचा निरोप आला, की विम्यापोटी आणखी ९५० युरो लागतील, परत मिळणारे. तेव्हा वडील धावत बँकेत आले. आम्ही रिकॉल पाठवला, म्हणजे आपल्या बँकेनं समोरच्या बँकेला ‘पैसे परत करा’ असा संदेश दिला. लोकांना वाटतं, हा हुकूम असतो. ती विनंती असते. पैसे खात्यात जमा झाले असतील, तर खातेदाराच्या संमतीशिवाय समोरची बँक सहसा ते काढून देत नाही, आणि असल्या खात्यात रक्कम काही तासही टिकत नाही. काही दिवसांनी उत्तर आलं, शिल्लक नाही. मुलगा ठरल्या तारखेला गेला. पत्त्यावर इमारत होती, फ्लॅटही होता. त्यात एक कुटुंब कित्येक वर्षं राहत होतं.

आता ही गोष्ट पुन्हा वाचू या, कारण प्रत्येक टप्प्यावर ओळखायची एक खूण होती.

पहिली खूण भाड्याची. डब्लिनमध्ये त्या भागात दोन बेडरूमचा फ्लॅट २,००० युरोच्या आत मिळणं कठीण. ९५० युरो हा सामायिक घरातल्या एका खोलीचा भाव आहे. मग घरच्यांना संशय का आला नाही? त्यांच्या डोक्यात दुसराच आकडा होता. आयर्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे म्हणून गेली काही वर्षं १०,००० युरो दाखवावे लागतात. बाराने भागलं की महिन्याला ८३३ येतात. तुमच्या कार्यालयात हा आकडा ऐकून पालक त्यालाच खरं बजेट धरतात. त्या हिशेबात ९५० स्वस्त वाटत नाहीत, थोडे महागच वाटतात, आणि म्हणूनच खरे वाटतात. भामट्यानं भाव डब्लिनच्या बाजाराप्रमाणे ठरवलेला नसतो. परदेशातल्या पालकाच्या खिशात काय आहे, ते बघून ठरवलेला असतो.

दुसरी खूण पत्त्याची. आयर्लंडमध्ये प्रत्येक घराला, अगदी इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटला, स्वतःचा सात अक्षर-अंकांचा एअरकोड असतो. आपला पिनकोड सगळ्या गावाला एक. तिथं पहिली तीन अक्षरं भागाची आणि उरलेली चार त्या एका दाराची. रॅथमाइन्सचे एअरकोड `D06` ने सुरू होतात. मालकाकडे पूर्ण एअरकोड मागायचा आणि `finder.eircode.ie` वर टाकून बघायचा. जाहिरातीतल्या फ्लॅटच्या जागी दुकान निघालं, किंवा फ्लॅटचा क्रमांकच जुळला नाही, तर विषय संपला. या प्रकरणात मुलाकडे रस्त्याचं नाव होतं आणि फोटो होते. एअरकोड त्यानं कधी मागितलाच नाही, कारण असं काही असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी खूण त्या लिंकमध्ये. ती साधारण अशी होती:

```
https://stay-booking.com.rent-verify.example/room/4471
```

सुरुवातीचं नाव ओळखीचं दिसलं की डोळा तिथंच थांबतो. वाचायची रीत वेगळी आहे. `https://` सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे यायचं. रेघेच्या लगेच आधी जे नाव आहे, ते साइटचं खरं नाव, इथं `rent-verify.example`. त्याच्या अलीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. लिंकपेक्षाही मोठी गोष्ट पुढची होती: ‘साइटकडे पैसे राहतील’ म्हणणारी साइट कार्ड घेत नव्हती, बँकेतून पैसे पाठवा म्हणत होती. खऱ्या बुकिंग साइटवर पैसे साइटवरच भरले जातात, ईमेलनं आलेल्या खाते क्रमांकावर नाही.

इथं जरा विषयांतर. कळंगुट-बागेतल्या व्हिलांचे चोरलेले फोटो लावून पर्यटकांकडून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि ‘एवढं शिकलेले लोक कसे फसतात’ म्हणून हसतो. कसब तेच आहे. फक्त इथं पर्यटक आपला मुलगा असतो.

चौथी खूण माझ्या टेबलावरची. खाते क्रमांक म्हणून आयबॅन आला होता, तो `ES` ने सुरू होत होता. आयबॅनची पहिली दोन अक्षरं खातं कुठल्या देशातलं ते सांगतात. आयर्लंडचा आयबॅन `IE` ने सुरू होतो आणि बावीस अक्षर-अंकांचा असतो. `ES` म्हणजे स्पेन. मालक आयरिश, सध्या स्कॉटलंडमध्ये, घर डब्लिनमध्ये आणि खातं स्पेनमध्ये. शिवाय खातेदाराचं नाव तिसरंच, ‘आमचे हिशेबनीस’ म्हणून सांगितलेलं. भाडेकरारावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल, तर पैसे पाठवू नयेत, हा नियम मी टेबलावर बसून शेकडो वेळा सांगितला असेल. पालकांना वाटतं की नाव चुकीचं असेल तर बँक पैसे अडवील. इथून परदेशी पाठवलेली रक्कम बहुतेक वेळा खात्याच्या क्रमांकावर जमा होते. नाव कुणी नजरेनं ताडून पाहीलच असं नाही. आणि ए-टू फॉर्मवर पैसे कशासाठी जातात ते तुम्ही लिहून देता, घर खरं आहे की नाही हे बँक बघत नाही.

मात्र आयबॅनवरून उलटा निष्कर्ष काढू नका. आयर्लंडमधले पुष्कळ सरळ लोक मोबाइल अ‍ॅपवाल्या बँकांची खाती वापरतात आणि ती `LT` ने, म्हणजे लिथुआनियाने, सुरू होऊ शकतात. त्यामुळे परकं अक्षर दिसलं की प्रश्न विचारायचा, लगेच चोर ठरवायचं नाही. तसंच `IE` दिसलं म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. थोड्या पैशांसाठी स्वतःचं खातं दुसऱ्याला वापरू देणारे विद्यार्थी तिथंही आहेत, आणि आपल्या मुलांना तिथं गेल्यावर अशा ‘सोप्या कमाई’चे निरोप येतात, हेही जाता जाता सांगून ठेवा.

शिक्का आणि डिपॉझिट यांच्याबद्दल तिथला कायदा तुमच्या समुपदेशकांना ठाऊक हवा. रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्ड भाडेकरारांची नोंद ठेवतं आणि वाद सोडवतं. ते कुठल्याही जाहिरातीला मान्यता देत नाही आणि कुणाचं डिपॉझिट स्वतःकडे ठेवत नाही. इंग्लंडमध्ये डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, म्हणून आयर्लंडमध्येही तसंच असेल असं लोक गृहीत धरतात. तिथं ते मालकाच्याच हातात असतं. म्हणून ‘तुमचं डिपॉझिट बोर्डाकडे सुरक्षित आहे’ हे वाक्य जिथं दिसेल, तिथं ते लिहिणारा खोटं बोलतो आहे. दुसरं म्हणजे, २०२१ पासून खासगी घरमालकाला सुरुवातीला एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, यापेक्षा जास्त मागता येत नाही. बंगळुरूला दहा महिन्यांचं डिपॉझिट देऊन आलेल्या आपल्या पालकांना तीन महिन्यांची मागणी सौम्यच वाटते. पण आमच्या भामट्यानं बरोबर दोन महिन्यांचेच मागितले होते, हे लक्षात घ्या. त्यानं कायदा वाचला होता.

एजंटमार्फत घर असेल तर एक तपासणी फुकट होते. तिथं भाड्याच्या घरांची दलाली करायला प्रॉपर्टी सर्व्हिसेस रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी `psr.ie` वर सगळ्यांना बघता येते. तिथं नाव सापडलं की त्या कंपनीचा फोन नंबर तुम्ही स्वतः शोधून फोन करायचा. ईमेलमध्ये दिलेला नंबर लावायचा नाही, कारण खऱ्या कंपनीचं नाव घेऊन खोटा नंबर देणं सर्रास चालतं.

आता तपासण्यांची मर्यादा. जमिनीच्या नोंदी `landdirect.ie` वर पाहता येतात, थोडी फी भरली की मालकाचं नावही कळतं. पण भामट्यालाही ते कळतं. तो खऱ्या मालकाचंच नाव लावून करार पाठवतो. पासपोर्टची प्रत तर पुरावाच नव्हे. ती आधी फसलेल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची असू शकते. डिचोलीच्या मुलानं पाठवलेली प्रत आज कुठल्या खोट्या घरमालकाचं ओळखपत्र झाली असेल, कोण जाणे. म्हणून घर ठरण्याआधी पासपोर्ट, प्रवेशपत्र, व्हिसाचं पान पाठवू नका, असं मुलांना स्पष्ट बजावा. अगदीच द्यावी लागली तर प्रतीवर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला दिली.

आणि ‘तिथं राहणाऱ्या मित्रानं जाऊन पाहिलं’ हाही पूर्ण बचाव नाही. चार दिवसांसाठी फ्लॅट भाड्यानं घ्यायचा, तो रांगेत वीस जणांना दाखवायचा, प्रत्येकाकडून डिपॉझिट घ्यायचं आणि सगळ्यांना एकाच दिवशी किल्ली घ्यायला बोलवायचं, हा प्रकार तिथं होतो. मित्रानं निदान शेजारच्या दाराची घंटा वाजवून ‘इथं कोण राहतं’ एवढं विचारावं.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे की खासगी घरमालकाला गोव्यात बसून पैसे पाठवूच नयेत. कितीही कागद दाखवले तरी. इथून फक्त तेच बुक करावं, ज्याच्यामागे संस्था उभी आहे. कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. अर्ज ऑफर लेटर आल्या आल्या करायचा, पैसे कॉलेजच्या पोर्टलवर भरायचे. खासगी विद्यार्थी निवास डब्लिनमध्ये बहुधा आठवड्याला २५० युरोच्या वर पडतं, सगळ्यांना परवडणारं नाही. ते जमत नसेल तर पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती रद्द करता येईल अशी हॉस्टेलची किंवा गेस्ट हाउसची जागा कार्डनं घ्यावी आणि कायमचं घर तिथं पोचून, दारात उभं राहून शोधावं. कार्डावर निदान बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची वाट असते.

परवडणारी आणखी एक सोय तिथं आहे, तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. डिग्ज म्हणतात, म्हणजे कुटुंबाच्या घरातली एक खोली. अशा खोलीच्या वर्षाला १४,००० युरोपर्यंतच्या भाड्यावर मालकाला कर नाही, त्यामुळे सत्र सुरू होताना बरीच घरं खोली देतात, आणि कॉलेजचं निवास कार्यालय त्यांची यादी ठेवतं. काही खोल्या फक्त सोमवार ते शुक्रवार असतात. शनिवार-रविवार जायचं कुठं, हा प्रश्न परदेशी मुलाला पडतो, तेव्हा आधीच विचारून घ्यावं. मालक त्याच घरात राहत असल्यामुळे मुलाला तिथं भाडेकरूचे पूर्ण हक्क मिळत नाहीत आणि वाद झाला तर टेनन्सीज बोर्ड बहुधा हात घालत नाही. तरीही नवख्या मुलाला पहिलं सत्र काढायला ही जागा मला खोट्या फ्लॅटपेक्षा कितीतरी बरी वाटते.

पोर्तुगीज पासपोर्टवर कामासाठी जाणाऱ्यांना ‘रूमसह नोकरी’ विकणाऱ्यांची कथा वेगळी आहे. त्यांना एअरकोड आणि आयबॅन या दोन तपासण्या जशाच्या तशा लागू पडतात, एवढंच इथं म्हणतो.

पैसे गेलेच, तर तासांचा हिशेब असतो. आधी आपल्या बँकेला रिकॉल पाठवायला लावा, लेखी. त्याच वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. तक्रारीला चॅट, ईमेल, आयबॅन आणि बँकेच्या संदेशाची प्रत जोडा. मुलगा तिथं पोचला की जवळच्या गार्डा स्टेशनवर, म्हणजे आयरिश पोलिसांकडे, तीच कागदं द्यावीत. यातून पैसे मिळतील अशी आशा मी कुणाला दाखवली नाही. पण खातं गोठलं तर पुढच्याचे वाचतात. शुक्रवारी दुपारी पैसे पाठवायचे नाहीत, हे मात्र मी सगळ्यांना सांगायचो. मध्ये दोन दिवस तिकडच्या बँका बंद, आणि भामट्यांना ते वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत.

तुमच्या ग्रुपवर घरांच्या जाहिराती बंद करा. अ‍ॅडमिन तुमचा कर्मचारी असतो, ग्रुपला नाव तुमच्या संस्थेचं असतं, आणि पालक त्या जाहिरातीला तुमची शिफारस समजतात. ‘आम्ही फक्त फॉरवर्ड केलं’ हे मी एका चालकाच्या तोंडून ऐकलं आहे. फी घेताना हे वाक्य कुणी ऐकवत नाही.

खर्चाचा तक्ता देताना व्हिसाचा आकडा आणि डब्लिनचा खरा आकडा शेजारी-शेजारी छापा. खोलीचं भाडं यंदा काय चाललं आहे, हे तुमच्याच मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारलं तर कळतं. पहिल्या महिन्याच्या तात्पुरत्या मुक्कामाचा खर्च त्या तक्त्यात वेगळ्या ओळीत दिसू द्या. पालकांनी तो मार्चमध्ये पाहिला तर ते सोय करतात. ऑगस्टमध्ये कळला तर ९५० युरोच्या फ्लॅटवर विश्वास ठेवतात.

आणि कुठल्या विद्यार्थी निवासाकडून तुम्हाला प्रत्येक मुलामागे कमिशन मिळत असेल, तर ते पालकांना लेखी सांगा. कमिशन घेण्यात मला गैर वाटत नाही. बँकही घेते, आणि आम्ही ते पावतीवर छापत होतो.

पुढच्या सप्टेंबरच्या मुलांच्या फाइली तुमच्याकडे यायला लागल्या असतील. घराचं पान त्यात आताच घाला.

आपला नम्र,
परकीय चलन विभागातला एक निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा